गोदाम सोडून थेट गाडीतून गाडीत माल: तालुक्याच्या गावात क्रॉस-डॉकिंग जमतं का?

केळापूरकर
नमस्कार मंडळी. पांढरकवड्याला आमची बिस्किट, चहा, साबण, खाद्यतेल अशा मालाची वितरकी आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी बघतो. चार लाइनी आहेत: पाटणबोरी, झरी-मुकुटबन, घाटंजी आणि रुंझा-मोहदा. रोज दोन लाइनी निघतात, आठवड्यातून चार दिवस, म्हणजे प्रत्येक लाइनीला दोनदा माल जातो. दुकानं सव्वादोनशेच्या आसपास.

नागपूरच्या सुपर स्टॉकिस्टकडून आठवड्यात दोन मोठ्या गाड्या येतात, प्रत्येकीत साधारण सहाशे पेट्या. माल गोदामात उतरतो, तिथून लाइनीवर जातो. गोदामाचं भाडं १४ हजार, माल पडून असतो साधारण १२ लाखांचा.

आता तिकडून सांगणं आलंय की गोदाम कशाला ठेवता, रोज छोटी गाडी पाठवतो, पहाटे उतरवा आणि तसंच पिकअपमध्ये भरून लाइनीवर काढा. बाबा म्हणतात, गोदाम म्हणजे धंद्याचा कणा, ते सोडायचं नाही. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून इथे विचारतोय. कुणी प्रत्यक्ष केलंय का?

शेषराव_आर्वी
भाऊ, ह्यात नवीन काय आहे? धामणगावले रेल्वेनं खताचा रेक लागते, हजारो पोती वॅगनमधून निघतात आणि तिथंच ट्रकमध्ये चढतात. धक्क्यावर काही ठेवतच नाहीत. तेच क्रॉस-डॉकिंग. आमच्या इकडं केव्हापासून चालू आहे बाप्पा.

बुटीबोरीचा_फोरमन
शेषरावभाऊ, अर्धं बरोबर आहे. धक्क्यावर माल ठेवत नाहीत, कारण ठरल्या वेळात तो तिथून उचलला नाही तर रेल्वे व्हार्फेज, म्हणजे धक्क्याचं भाडं लावते. पण तो ट्रक पुढे कुठे जातो ते बघा. काही ट्रक थेट कृषी केंद्रांवर जातात, बाकीचे गावातल्याच गोदामात. रेक एकदम दोन-अडीच हजार टन घेऊन येतो आणि शेतकरी युरिया पाऊस पडल्यावर मागतो. मधले जे दिवस आहेत ते कुणाला तरी गोदामातच काढावे लागतात. थेट केंद्रावर गेलेली पोती तेवढी क्रॉस-डॉक झाली. बाकीच्या पोत्यांची फक्त जागा बदलली.

केळापूरकर, मी बुटीबोरीच्या एका मोठ्या वितरण केंद्रात अकरा वर्षं रात्रपाळी सांभाळतो. तुम्हाला आधी एकच विचारतो. नागपुरात पेटी गाडीत चढते त्या क्षणी ती कुठल्या लाइनीची, कुठल्या दुकानाची हे ठरलेलं असेल का? की पांढरकवड्याला उतरल्यावर ठरवणार?

केळापूरकर
आता तरी उतरल्यावरच ठरतं. सेल्समन आज ऑर्डर आणतो, उद्या आम्ही गोदामातून काढून देतो.

बुटीबोरीचा_फोरमन
मग आज गोदाम सोडलंत तर तुमच्या अंगणात सकाळी तीनशे बेवारस पेट्या उभ्या राहतील. पेटीला मालक आधी मिळाला पाहिजे, गाडी नंतर निघाली पाहिजे. आमच्याकडे ज्या पेटीवर दुकानाचं लेबल लागून येतं, ती उतरल्यापासून वीस मिनिटांत दुसऱ्या गाडीत असते. लेबल नसेल तर ती रॅकवर चढते, आणि रॅकवर चढलेली पेटी आठवडाभर खाली येत नाही.

संत्रावाली_वरूड
आमच्याकडे उलटं आहे. बागेबागेतून पिकअप येतात, यार्डात क्रेट उतरतात आणि संध्याकाळी एक मोठा ट्रक भरून दिल्लीकडे निघतो. अनेकांचं एक करायचं. पण मध्ये संत्री निवडावी लागतात, धुवायची, मेण द्यायचं, आकाराप्रमाणे वेगळी करायची. त्यात पाच-सहा तास जातात. याला क्रॉस-डॉकिंग म्हणायचं की नाही? आणि आंबियाच्या दिवसांत तोडणारे मजूर उशिरा आले की सगळंच पुढे ढकललं जातं. रात्री नऊला सुटणारा ट्रक दोनला सुटतो आणि तिकडे दिल्लीत सकाळचा लिलाव हुकतो.

मी_अनघा
मुंबईचे डबेवाले हेच करतात ना? स्टेशनवर डबे उतरवून खुणेप्रमाणे दुसऱ्याच्या हातात. गोदाम नाही, काही नाही.

बुटीबोरीचा_फोरमन
अनघाताई, अगदी चपखल उदाहरण. डबा घरातून निघतो तेव्हाच त्याच्यावर पोहोचायच्या जागेची खूण असते. आणि लोकलची वेळ कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे सगळी साखळी घड्याळावर बांधलेली असते.

वरूडच्या ताई, निवड आणि मेण यांत माल थांबतो खरा, पण साठवायला म्हणून थांबत नाही, म्हणून मी त्याला त्यातच धरीन. तुमच्याकडचा अडथळा यार्डात नाही, बागेत आहे. येणाऱ्या गाड्यांची वेळ तुमच्या हातात नाही आणि जाणाऱ्या ट्रकची वेळ मात्र लिलावानं बांधलेली आहे.

गजू_घाटंजी
मी म्हणतो, गोदाम सोडूच नये. तुरीचं बघा, काढणीच्या वेळी विकली तर भाव पडलेला, तीन-चार महिने ठेवली तर वाढतो. ज्याच्याकडे गोदाम त्याच्याकडे पैसा. वखार महामंडळात ठेवून पावतीवर कर्जही मिळते. गोदाम सोडणं म्हणजे पायावर धोंडा.

केळापूरकर
गजूभाऊ, तुरीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण बिस्किटाचा भाव ठेवून वाढत नाही. उलट एक्सपायरी जवळ आली की दुकानदार परत देतो आणि ते माझ्या अंगावर पडतं.

पहाटेचा_पेपर
मी यवतमाळ जिल्ह्यात पेपरची एजन्सी चालवतो, एकोणीस वर्षं झाली. हा धागा वाचून वाटलं, आपण हेच तर करतो, फक्त त्याला नाव माहीत नव्हतं.

नागपुरात छापखान्यातच गावागावाचे गठ्ठे बांधले जातात. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी असते: गावाचं नाव, एजंट, प्रती किती. टॅक्सी साडेतीन-चारला आमच्या बसस्टँडसमोर येते. मी आणि दोन पोरं. गठ्ठे फरशीवर टाकतो, पण टाकतानाच जागा ठरलेली: पायरीच्या डावीकडे पूर्वेची गावं, खांबाजवळ पहिल्या एसटीची, उजवीकडे मोटरसायकलवाल्यांची. चिठ्ठी वाचायचीही गरज पडत नाही, अंधारात गठ्ठ्याच्या जाडीवरून ओळखू येतात. पन्नास मिनिटांत फरशी रिकामी. पाचनंतर तिथे कुत्रं झोपलेलं दिसेल, पेपर दिसणार नाही.

हे का जमतं, तर प्रती किती लागतील ते आदल्या संध्याकाळीच पक्कं असतं आणि उद्या त्या पेपरची किंमत रद्दीची. त्यामुळे ठेवायचा मोह कुणालाच होत नाही. पण टॅक्सी एक तास उशिरा आली की पहिली एसटी निघून जाते आणि बारा गावांना दुपारी पेपर जातो. पावसाळ्यात असं महिन्यातून दोनदा तरी होतं. माझ्या हातात त्यावर काहीच उपाय नसतो.

मी_अनघा
पहाटेचा पेपर, ही पोस्ट फार आवडली. खांबाजवळची जागा डोळ्यासमोर आली.

बुटीबोरीचा_फोरमन
केळापूरकर, आता तुमचा हिशेब करू.

गोदाम सुटलं तर महिन्याला १४ हजार वाचतील. १२ लाखांचा साठा ५ लाखांवर आला तर ७ लाख मोकळे होतील. बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर महिन्याला ७ हजार. गोदामातला माणूस पहाटे लागणारच, त्याचा पगार वाचत नाही. म्हणजे एकूण वाचले २१ हजार.

आता गाडीभाडं. मोठी गाडी किती घेते आणि छोटी किती?

केळापूरकर
मोठी ८ हजार फेरी. छोटी ५ हजार सांगतात, आठवड्यातून सहा दिवस.

बुटीबोरीचा_फोरमन
म्हणजे आज आठवड्याला १६ हजार आणि उद्या ३० हजार. फरक १४ हजार, महिन्याला साठ हजारांच्या घरात. २१ वाचवायला ६० घालवायचे. आणि ती छोटी गाडी तरी रोज भरेल का, ते वेगळंच. क्रॉस-डॉकिंग मोडतं ते बहुतेक इथेच. साठा कमी करायचा म्हणून फेऱ्या वाढवायच्या, आणि अर्ध्या रिकाम्या गाडीचं डिझेल साठ्यापेक्षा महाग पडतं. शहरात दहा किलोमीटरवर हे खपून जातं. नागपूर ते पांढरकवडा दीडशे किलोमीटर आहे.

शेषराव_आर्वी
मंग सोडा हा विषय! बाबा म्हणतात तेच खरं.

केळापूरकर
नाही शेषरावभाऊ, एक वाट दिसते. त्याच सुपर स्टॉकिस्टचा हिंगणघाटला वितरक आहे, आमच्या ओळखीचा. त्याचं गाव माझ्या रस्त्यावरच पडतं. आठवड्यात चार दिवस एकच मोठी गाडी दोघांत घेतली, अर्धी त्याची अर्धी माझी, तर माझ्या वाट्याला फेरीमागे ४ हजार येतील. चार फेऱ्यांचे १६ हजार, म्हणजे आजच्याएवढेच.

बुटीबोरीचा_फोरमन
हे जमलं तर गोष्टच बदलते. एक सांगतो. गाडी भरताना तुमचा माल आधी, आत कॅबिनकडे. हिंगणघाटचा शेवटी, फाळक्याकडे. आणि तुमच्यातही दोन लाइनी एकात एक मिसळू देऊ नका. जी पिकअप आधी सुटते तिचा माल फाळक्याच्या बाजूला. नागपूरच्या हमालांना हे रोज सांगावं लागेल, कारण त्यांना बसेल तसं भरायची सवय असते. जड तेलाची पेटी खाली, बिस्किट वर, हे मात्र ते बरोबर करतात, आणि त्यातच लाइनींची सरमिसळ होते.

लेखापाल_वणी
ई-वे बिलाचं काय? गाडी बदलली की नवीन ई-वे बिल लागतं, नाहीतर रस्त्यात अडवतील.

बुटीबोरीचा_फोरमन
गाडी बदलली म्हणून नवीन बिल लागत नाही. माल रस्त्यात एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेला तर त्याच बिलाच्या भाग-ब मध्ये नवा गाडी नंबर टाकायचा. केळापूरकरांचं प्रकरण वेगळं आहे. नागपूरचं बिल त्यांच्या नावावर आहे, ते पांढरकवड्याला संपलं. पुढे ते दुकानदाराला स्वतःचं बिल देतात. ती बिलं दोन-पाच हजारांची, आणि महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंत ई-वे बिल लागत नाही.

लेखापाल_वणी
हे मान्य. पण मग दुसरी अडचण आहे. दुकानाचं बिल बनवायला आधी माल स्टॉकमध्ये जमा दिसला पाहिजे. पहाटे साडेपाचला गाडी आली, तर तीनशे पेट्यांची आवक कोण चढवणार? आणि एखादी पेटी शॉर्ट निघाली तर आधी केलेली बिलं बदलायची.

बुटीबोरीचा_फोरमन
बरोबर पकडलंत. गाडी नागपुरातून सुटताच तिच्या बिलाची फाईल आली पाहिजे, म्हणजे आवक रात्रीच चढेल आणि पहाटे फक्त मोजणी राहील. ही फाईल वेळेवर मिळत नसेल तर मी पुढे जाऊच नका म्हणेन.

केळापूरकर
पाच आठवड्यांनी परत येतोय. गोदाम अजून सोडलेलं नाही, पण करून पाहिलं. जसं झालं तसं सांगतो.

पहिल्या दिवशी गाडी पाच चाळीसला आली. फाळका उघडला तर समोरच घाटंजीची बिस्किटं, मागे मोहद्याचा साबण, मध्ये पुन्हा घाटंजी. ३१२ पेट्या गोदामासमोर उतरवल्या, यादी घेऊन एकेक शोधली. पिकअप निघाल्या दहाला. मोहद्याच्या पुढची सात दुकानं जेवायला बंद झाली होती, माल परत आणला.

दुसऱ्या आठवड्यात रंगीत चिकटपट्टी सुरू केली. नागपुरात बिलाप्रमाणे माल काढतानाच लाल म्हणजे घाटंजी, निळी म्हणजे मोहदा. ऑर्डर बंद करायची वेळ आदल्या दिवशी दुपारी चार. सेल्समनना हे पटायला वेळ लागला, कारण सव्वाचारला एखादा मोठा दुकानदार फोन करतोच. आता सव्वाचार तासांचं काम दोन तासांत होतं. आठपर्यंत दोन्ही गाड्या बाहेर.

पण खरी अडचण निघाली ती वेगळीच. बिस्किट, तेल, चहा, अंगाचा साबण हे पेटीनं जातात. पण केसांचं तेल, शाम्पूच्या पुड्या, टूथब्रश, अगरबत्ती यांची ऑर्डर असते सहा नग, बारा नग. पेटी येते १४४ नगांची. सहा काढले, १३८ उरले. ते ठेवायचे कुठे? जिथे ठेवीन तेच गोदाम!

बुटीबोरीचा_फोरमन
मी हे आधीच विचारायला हवं होतं, चूक माझी. आमच्याकडे सगळं पूर्ण पेटीनं चालतं, म्हणून लक्षात आलं नाही. एक वाट म्हणजे नागपुरातच नग मोजून प्रत्येक दुकानाचा एक क्रेट भरून पाठवायचा. पण पेटी फोडून नग मोजणं हे महागडं काम आहे. एक माणूस तासाला पूर्ण पेट्या दीडशे हलवील, पण नगाच्या ऑर्डरी तेवढ्या वेळात दहा-बारा दुकानांच्याच काढेल.

केळापूरकर
तेच. सुपर स्टॉकिस्ट क्रेटमागे पैसे मागतो. मी म्हणतो, गोदाम सोडा ही कल्पना तुमची, तर हे काम तुम्हीच करा. तो म्हणतो, नफा तुमचा वाचतो. बोलणं चालू आहे.

तोवर मी माल दोन भागांत केलाय. पेटीनं जाणारे चाळीसेक आयटम थेट गाडीतून गाडीत. पेट्यांच्या संख्येत बघितलं तर बहुतेक माल त्यातच येतो. नगानं जाणारा माल पंधरा दिवसांतून एकदा येतो, त्याला एक छोटी खोली पुरते. पहाटे पिकअप भरली की शेवटी खोलीतले क्रेट वर ठेवायचे.

संत्रावाली_वरूड
आणि शॉर्ट माल आला तर? पूर्वी गोदामातून भरून देत असाल.

केळापूरकर
ताई, ते सगळ्यात जास्त टोचतं. एका गुरुवारी १८ पेट्या बिस्किटं कमी आली. गोदाम असतं तर कुणाला कळलंही नसतं. त्या दिवशी अकरा दुकानदारांना फोन करावे लागले, आणि त्यातल्या दोघांनी दुसऱ्या कंपनीचं बिस्किट लावलं. सगळ्यात जास्त खपणारे पाच आयटम दोन दिवस पुरतील एवढे खोलीत ठेवतोय आता. फोरमनसाहेब म्हणतील, हे क्रॉस-डॉकिंग नाही.

बुटीबोरीचा_फोरमन
म्हणणार नाही. जिथून माल येतो तिथला भरवसा वाढेपर्यंत ते ठेवा. फक्त दर आठवड्याला मोजा, शॉर्ट किती पेट्या आल्या. तो आकडा सलग दोन महिने खाली राहिला तरच पाचाचे तीन करा.

गजू_घाटंजी
पोळ्याचं काय करसान? पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तेल, साबण दुप्पट जाते. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक. हमाल येत नाहीत, गाडी सुटत नाही.

केळापूरकर
गजूभाऊ, ह्यावर मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पोळा, दिवाळी आणि जुलै-ऑगस्टचा पाऊस, या दिवसांत माल आधी आणून ठेवावाच लागेल. मागच्या वर्षी नाल्याला पूर येऊन मुकुटबनची लाइन तीन दिवस बंद होती. गाडी नागपूरहून आलेली असेल आणि पुढे रस्ताच नसेल, तर त्या दीडशे पेट्यांवर छप्पर हवं. एवढ्यासाठी वर्षभर १४ हजार भाडं द्यायचं का, हाच प्रश्न आता उरलाय. बाबा म्हणतात द्यायचं.

लेखापाल_वणी
सीझनपुरती जागा मिळते का बघा. जिनिंगवाल्यांचे शेड कापूस येईपर्यंत रिकामे असतात. पोळा आणि पावसाळा दोन्ही त्या काळात येतात.

शेषराव_आर्वी
हे बेस सांगितलं. पण शेडचं छत पाहून घ्या, कापसाले गळती चालते तेवढी बिस्किटाले चालत नाही. कापसालेही चालत नाही म्हणा.

केळापूरकर
जिनिंगची कल्पना सुचलीच नव्हती, विचारतो. दिवाळीला मात्र कापूस आलेला असेल, तेव्हाचं वेगळं बघावं लागेल. आणखी एक: हिंगणघाटवाला पहाटे सव्वातीनला माल उतरवून घेतो, पण त्याचा माणूस दोनदा झोपून राहिला आणि माझी गाडी पाऊण तास अडकली. त्याचा माल रात्री अकरालाच उतरवून पुढे निघावं असं मी म्हणतोय. मग गाडी माझ्याकडे दीडला येईल आणि चार तास उभी राहील. ड्रायव्हर तयार आहे, मालक हॉल्टिंग मागतोय.

बुटीबोरीचा_फोरमन
हॉल्टिंग किती?

केळापूरकर
पाचशे. पण दीडला आल्यावर उतरवून घ्यावी म्हटलं तर गोदाम सोडल्यावर तेवढ्या रात्री जागा कुठली? रस्त्यावर पेट्या ठेवता येत नाहीत.

पहाटेचा_पेपर
केळापूरकर, तुमच्या बसस्टँडजवळच्या पेपर एजंटला मी ओळखतो. त्याच्याकडे पत्र्याचं शेड आहे, दिवसा पानटपरीचं सामान असतं, रात्री दहानंतर रिकामं. त्याचे गठ्ठे पावणेपाचपर्यंत हलतात आणि अर्धं शेड त्याला लागतच नाही. तो रात्री दोनपासून जागाच असतो. विचारून ठेवतो, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवा.

केळापूरकर
पाठवला. आणि त्याला सांगा, पिकअप मागं लावता येईल एवढी जागा शेडसमोर आहे का ते आधी बघायचंय. नाहीतर प्रत्येक पेटी वीस पावलं उचलून न्यावी लागेल.